साइटवर कोणी भेटलं नाही, माल परत आला: ग्राहकाला कसं कळवायचं आणि नवी वेळ कशी द्यायची?

मच्छे_गोडावन

टाइल्स आणि बांधकामाच्या मालाचं दुकान आहे. बेळगाव तालुका, खानापूर, निपाणीची बाजू आणि सीमेपलीकडं चंदगडपर्यंत गाड्या जातात. आठवड्यात दोन-तीन खेपा तरी अशा असतात की गाडी साइटवर पोचते, उतरवून घ्यायला कोणी नाही, माल परत. त्यानंतर ग्राहकाला जो मेसेज जातो त्यावरूनच भांडण लागतं. सध्या दुकानातला पोरगा हे पाठवतो:

> तुमचा माल घेऊन गाडी आली होती, तुम्ही नव्हता. परवा पाठवतो. परत फेरीचं भाडं लागेल.

हे बरोबर नाही एवढं कळतंय. काय लिहावं, किती वेळात कळवावं, नवी वेळ कशी द्यावी? नेमकं उदाहरण देतो म्हणजे बोलायला सोपं. खानापूरची साइट, 600 बाय 600 च्या 90 पेट्या, एका पेटीत 4 नग. गाडी सकाळी 11:10 ला पोचली, 11:50 ला निघाली. मंगळवार, 14 तारीख. वर पाऊस.

टिळकवाडीकर

तीन वाक्यांत तीन चुका. बक्षीस द्या पोराला.

"तुम्ही नव्हता" हा आरोप झाला. मालक पुण्याला नाहीतर सैन्यात कुठंतरी लांब. तो साइटवर नसणारच की. साइटवर असायचा होता मिस्त्री. "माल उतरवून घ्यायला कोणी भेटलं नाही" असं लिहिलं की झालेली गोष्ट सांगितली जाते आणि दोष कुणाच्याच गळ्यात पडत नाही.

"परवा" म्हणजे कधी? आपल्याकडं होऊन गेलेलाही परवा आणि येणाराही परवा. वाक्यावरून कळतं हे मान्य, खरं मेसेज रविवारी रात्री उघडला तर परवा कुठला? वार आणि तारीख दोन्ही लिहा. नुसती तारीख लिहिली तर लोक चुकीच्या महिन्याचं पान बघतात, नुसता वार लिहिला तर पुढच्या आठवड्याचा समजतात.

भाड्याचं नंतर लिहितो, त्यावर इथं मारामारी होणार आहे.

कंग्राळी_बाळू

आमच्या घरी पार्सलवाला येतच नाही आणि "ग्राहक उपलब्ध नाही" असा मेसेज येतो. मी दिवसभर दारात बसलेलो असतो. त्यावर काय करायचं ते सांगा आधी.

मच्छे_गोडावन

बाळूभाऊ, आम्ही पाठवणाऱ्या बाजूचे आहोत. तुमचा राग समजतोय.

गाडीवरचा_गडी

बाळूभाऊंचं बोलणं वाटतं तेवढं बाजूचं नाही. ड्रायव्हरची बाजू सांगतो. "कोणी नव्हतं" हे आमचं एकच उत्तर असतं, कारणं मात्र चार असतात.

एक, खरंच कुलूप असतं. दोन, माणूस असतो, हमाल नसतात. 90 पेट्या म्हणजे पेटीला 27 किलो धरले तर 2,430 किलो, एकटा वॉचमन काय उतरवणार? तीन, माणूस आणि हमाल दोन्ही असतात, गाडी आत जात नाही. पावसाळ्यात बैलहोंगल-सौंदत्ती बाजूच्या काळ्या रानात चाक शेतवाटेला लागलं की बसलं. खानापूर बाजूला लाल माती, तिथं चाक निसटतं. चार, माणूस आहे, पण पैसे किंवा मालकाचा निरोप नाही म्हणून घेत नाही.

या चौघांना एकच मेसेज गेला की तीन जण तरी खोटं म्हणणारच. आणि ते बरोबर असतात.

खानापूरची_सई

हेच लिहायला आले होते. मेसेज टाइप करायच्या आधी ड्रायव्हर तिथून निघायच्या आत त्याला तीन गोष्टी विचारा: गाडी कुठपर्यंत गेली, समोर कोण होतं, कुणाच्या नंबरवर किती वाजता फोन लागला. ही उत्तरं मिळाली की चारातलं कारण आपोआप कळतं. गाडी परत मच्छेला आल्यावर विचारलं तर सगळ्या खेपा एकमेकींत मिसळलेल्या असतात.

फोनचंही एक. ड्रायव्हर स्वतःच्या नंबरवरून लावतो, मालक अनोळखी नंबर उचलत नाही. नंतर म्हणतो मला फोनच आला नाही, आणि त्याच्या बाजूनं ते खरंच असतं. गाडी उभी असताना दुकानाच्या नंबरवरूनही एकदा फोन जायला हवा. तो नंबर बिलावर असतो, लोकांनी साठवलेला असतो.

मच्छे_गोडावन

हे मान्य. आपल्या खेपेत पहिलं कारण होतं, गेटला कुलूप. ड्रायव्हरनं मिस्त्रीला 11:15 ला लावला, बंद. मालकाला 11:30 ला, वाजला, उचलला नाही. गेटचा फोटो आहे.

उचगावची_वहिनी

फोटो फक्त मालकाला पाठवा हो. काही दुकानं डिलिव्हरीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकतात, त्यात पंधरा ड्रायव्हर आणि त्यांचे सोबती. बंद घराच्या कुलपाचा फोटो, गावाच्या नावासकट, वेळेसकट.

फोटोत गाडीचा नंबर आणि गेट एकाच चौकटीत यावं. नुसत्या गेटचा फोटो कधीचाही असतो.

निपाणीकर

एवढं रामायण कशाला? पेट्या गेटच्या आत टाकायच्या, फोटो काढायचा, पाठवायचा. काम झालं.

खानापूरची_सई

निपाणीकर, जुलैत? खानापुरात? खोका भिजला की तळ सुटतो, उचलताना टाइल्स कोपऱ्यावर आपटतात. कोपरा उडालेली टाइल परत कोण घेणार? शिवाय पोच नाही, सही नाही. ग्राहक म्हणाला 84 च पेट्या होत्या तर 6 पेट्यांचं उत्तर तुमच्याकडं काय?

निपाणीकर

उन्हाळ्यात तरी चालेल की.

खानापूरची_सई

उन्हाळ्यात भिजायचा प्रश्न जातो, सहीचा राहतो.

हिशोबनीस

मेसेजच्या भाषेवर बोलताय ते ठीक, पण नवी वेळ कुठली द्यायची हे निम्मं ई-वे बिल, म्हणजे माल रस्त्यानं न्यायचा जीएसटीचा कागद, ठरवतं. त्याकडं कुणी बघितलेलं नाही.

उदाहरणातलाच हिशोब करू. 90 पेट्या, एका पेटीत 1.44 चौरस मीटर, म्हणजे 129.6 चौरस मीटर, फुटात सुमारे 1,395. चौरस फुटाला 50 रुपये धरले तर 69,750, त्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 82,305. मर्यादा 50,000 ची, आणि ती कर धरून मोजतात. तेव्हा ई-वे बिल लागलंच.

बिल मंगळवारी सकाळी 9 ला काढलं. 200 किलोमीटरच्या आत मुदत एक दिवसाची. खरं तो एक दिवस 24 तासांचा नसतो, दुसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंतचा असतो. म्हणजे हे बिल बुधवारी रात्री 12 ला संपतं. बुधवारची कुठलीही वेळ दिलीत तर त्याच बिलावर गाडी जाते. गाडी बदलली असेल तर भाग ब मध्ये नवा नंबर घालायचा, बास. गुरुवार दिलात की कटकट सुरू.

म्हणून ग्राहकाला पहिल्यांदा बुधवारच्या दोन वेळा द्या. "कधी पाठवू?" असं मोकळं विचारलंत की तो शनिवार सांगणार.

निपाणीकर

मच्छे ते खानापूर 50 किलोमीटर पण नाही. 50 च्या आत ई-वे बिल लागतच नाही.

हिशोबनीस

हे सगळीकडं ऐकायला मिळतं, पण अर्धंच आहे. 50 किलोमीटरची सूट फक्त भाग ब साठी आहे, म्हणजे गाडीच्या तपशिलासाठी. तीही राज्यातल्या राज्यात, माल तुमच्या जागेवरून ट्रान्सपोर्टवाल्याच्या जागेपर्यंत जात असेल तेव्हा. दुकानातून थेट ग्राहकाच्या साइटवर जाणाऱ्या खेपेला ती लावता येत नाही. मालाच्या तपशिलाचा भाग अ तर तेव्हाही भरावा लागतो.

टिळकवाडीकर

आणि गुरुवार झालाच तर? मुदत वाढवता येते की.

हिशोबनीस

येते. संपायच्या आधी 8 तास आणि संपल्यानंतर 8 तास एवढीच खिडकी. आपल्या उदाहरणात बुधवारी दुपारी 4 ते गुरुवारी सकाळी 8. त्याच्या बाहेर वाढत नाही.

पण माझ्या मते मुदतवाढ वाटेत असलेल्या मालासाठी आहे. तुमचा माल वाटेत नाही, गोडावनला उतरलाय. मी तरी तिथं मुदत वाढवणार नाही, नव्या खेपेला नवं बिल काढीन.

सीमेवरचा_सीए_नव्हे

असहमत. माल ग्राहकाच्या हातात पडलेला नाही, विक्रीचं बिल रद्द झालेलं नाही, मग प्रवास संपला कुठं? गाडी रात्री गोडावनच्या आवारात भरलेलीच उभी असेल तर तो माल वाटेतलाच आहे. उतरवून थप्पीला लावला तर तुमचं म्हणणं पटतं.

हिशोबनीस

भरलेली गाडी आवारात उभी, ही स्थिती मी धरली नव्हती. तिथं तुमच्या म्हणण्यात दम आहे. उतरवलेल्या मालाबद्दल मी मागं हटत नाही. मच्छेवाले, तुमच्या सीएला एकदा विचारून घ्या, कारण रस्त्यात कागद बघणारा माणूस आपल्या दोघांचा वाद ऐकत बसणार नाही.

24 तासांत ई-वे बिल रद्द करता येतं हेही कुणीतरी सांगेल. ते माल गेलाच नाही किंवा लिहिल्याप्रमाणं गेला नाही अशा वेळेसाठी आहे. इथं माल खानापूरपर्यंत जाऊन आलाय. आणि रस्त्यात बिल तपासलं गेलं असेल तर ते रद्द होतच नाही.

मच्छे_गोडावन

हे डोक्यातच नव्हतं. पोरगा "परवा" लिहितो म्हणजे दरवेळी बिलाच्या बाहेरचाच दिवस देतो.

चंदगडी_पाहुणा

माझी साइट शिनोळीच्या पुढं, महाराष्ट्रात. परवाच (होऊन गेलेला परवा!) दुकानदार म्हणाला, तुम्ही भेटला नाही, आता माल हिंडलग्याला पाहुण्यांकडं उतरवू काय, तिथून तुम्ही न्या. सोयीचं वाटलं. चालतं काय हे?

हिशोबनीस

नुसता "हो" म्हणून चालत नाही. शिनोळीच्या पत्त्यावर बिल झालंय म्हणजे दोन राज्यांमधला व्यवहार, त्यावर आयजीएसटी लागलाय. हिंडलगा कर्नाटकात. माल देण्याचा पत्ता सीमेच्या अलीकडं आला की कर सीजीएसटी आणि एसजीएसटी असा होतो, रक्कम तीच राहिली तरी बिल दुसरं लागतं. नवी वेळ देताना पत्ता बदलायची सोय मेसेजमध्ये देऊ नका. पत्ता बदलायचा असेल तर त्यानं फोन करावा, बिल बदलून मग गाडी.

गाडीवरचा_गडी

आपल्याकडं पाहुणे सीमेच्या दोन्ही बाजूंना, त्याला बिल काय करणार.

कडोलीचा_गवंडी

मंगळवारी खेप लावली होती म्हणताय. गावात वार पाळणूक नव्हती ना? यात्रेच्या आधी गाव ठरवतं त्या वारी शिवारातली कामं बंद, हमाल पण येत नाहीत. मिस्त्री सकाळी येऊन कुलूप बघून परत गेला असेल. बुधवार मोकळा असेल खरं शुक्रवार पण पाळत असतील. वेळ देताना मालकाला विचारू नका, मिस्त्रीला विचारा. पुण्यातल्या मालकाला गावचा वार कुठला ठाऊक?

मच्छे_गोडावन

हे तपासतो. मिस्त्रीचा फोन बंद असायचं कारणही तेच निघेल.

अनगोळ_टाइल्स_जाणकार

सगळे भाषा आणि बिलावर आहेत, मालावर कुणीच नाही. टाइल्सच्या बाबतीत परत आलेल्या खेपेचा खरा धोका बॅचचा.

पेटीवर बॅच नंबर आणि शेड छापलेली असते. भट्टीच्या दोन वेगळ्या खेपांतल्या टाइल्स एकाच डिझाइनच्या असल्या तरी रंगात किंचित फरक पडतो, कधी मापातही. जमिनीवर शेजारी शेजारी बसवल्या की उजेडात पट्टा दिसतो. आता काय होतं? 90 पेट्या परत येतात, हमाल मोकळी जागा बघून मोठ्या थप्पीत लावतात. दुपारी दुसरं गिऱ्हाईक येतं, 12 पेट्या मागतं, वरच्या 12 जातात. दुसऱ्या दिवशी खानापूरला 78 जुन्या बॅचच्या आणि 12 नव्या बॅचच्या पेट्या रवाना. हे चार दिवसांनी, फरशी बसल्यावर कळतं. तेव्हा ती उखडायचा खर्च टाइल्सच्या किमतीपेक्षा जास्त असतो.

म्हणून पेट्या उतरवतानाच वेगळ्या लावा, वर मालकाचं नाव आणि बिल नंबर खडूनं लिहा. आणि मेसेजमध्ये हे एक वाक्य घाला: माल तुमच्या नावानं बाजूला ठेवलाय, बॅच तीच आहे. ग्राहकाला माल परत गेला म्हटल्यावर पहिली भीती ही असते की आपला माल दुसऱ्याला जाईल. वाक्य त्यासाठी आहे, पण खडूची खूण झाली असेल तरच लिहा.

माल उतरवावाच लागत नसेल तर उत्तम. रात्रभर गाडीवर ताडपत्रीखाली राहू द्या. दोनदा हाताळणी वाचते आणि वर दोघांचा ई-वे बिलावरचा वादही मिटतो.

गाडीवरचा_गडी

आणि गाडी रात्रभर अडकते ते? सकाळी 7 ची सिमेंटची खेप कशावर भरायची?

अनगोळ_टाइल्स_जाणकार

तेही खरंच. दोन गाड्या असतील त्याला परवडतं.

टिळकवाडीकर

आता भाडं. पोरगा पहिल्याच मेसेजमध्ये "भाडं लागेल" लिहितो, तिथं सगळं बिघडतं. आधी माल कुठं आहे ते सांगा, नवी वेळ द्या. पैशाचं फोनवर बोला.

निपाणीकर

फोनवर बोलला तर देणारच नाही. लिहून द्यायला पाहिजे. आणि 800-1000 रुपये चिठ्ठीवर रोख घ्यायचे, बिलात घ्यायची गरज नाही.

हिशोबनीस

अर्धं बरोबर. लिहून द्यायला पाहिजे, पण माल परत आल्यावर नव्हे, ऑर्डर घेताना. बिलाखाली आधीच लिहिलेलं नसेल तर ग्राहक नाही म्हणाला की तुमच्याकडं दाखवायला काही नाही. आणि रोख चिठ्ठी नको. माल पोचवून देण्याचं भाडं विकल्या मालाच्या किमतीत धरलं जातं, त्याला मालाचाच दर लागतो, म्हणजे टाइल्सला 18 टक्के. बिल आधी झालेलं असल्यानं वाढीव रक्कम डेबिट नोटवर दाखवायची.

कडोलीचा_गवंडी

ग्राहकाच्या बाजूनं सांगतो. गाडी 10 ते 1 मध्ये येईल म्हणून सांगता, मिस्त्री 1 पर्यंत थांबतो, गाडी 2 ला येते. मग "कोणी नव्हतं". त्याचं भाडं कुणी द्यायचं? दिलेल्या वेळेच्या बाहेर पोचला असाल तर भाड्याचा शब्दही काढू नका.

मच्छे_गोडावन

पटलं. आपल्या खेपेला 10 ते 12 सांगितलं होतं, गाडी 11:10 ला पोचली, म्हणजे वेळेत होती. तरीही भाडं मागायचं की सोडायचं यावर माझं मन ठरलेलं नाही.

उचगावची_वहिनी

मेसेज कुठल्या भाषेत? मालक मराठी वाचतो, पण वॉचमन कन्नड बोलणारा असेल तर त्याला फोनच करा. "साइटनल्ली यारू इरलिल्ल" एवढं ड्रायव्हरला येतंच. कन्नडमध्ये उद्याला "नाळे" आणि कालला "निन्ने", दोन्ही एका दमात ऐकताना मराठी माणूस गडबडतो. तिथंही तारीखच बोला.

टिळकवाडीकर

आणि अजून एक, व्हॉट्सॲपवर एकच टिक राहिली तर मेसेज पोचलेला नाही. मालक सीमेवर ड्यूटीला असेल तर दोन दिवस एकच टिक राहते. मग साधा एसएमएस करा.

एसएमएस_गणिती

एसएमएसवर थोडं, कारण दुकानं तिथं पैसे घालवतात. देवनागरीतला एक एसएमएस 70 अक्षरांचा. त्याच्या पुढं गेला की भाग पडतात आणि प्रत्येक भागात 67 च बसतात. यात काना, वेलांटी, जोडाक्षराचा पाय सगळं वेगळं मोजतात. "टाइल्स" बोलताना तीन अक्षरं, मोजणीत 6. एक अक्षर देवनागरी आलं की अख्ख्या मेसेजला हाच नियम. हा मेसेज बघा:

> 14/07 साइटवर माल घेण्यास कोणी भेटले नाही. नवी वेळ ठरवण्यासाठी फोन करा.

तारीख, मोकळ्या जागा, पूर्णविराम धरून बरोबर 70. "14/07 रोजी" लिहिलंत की 75, म्हणजे दोन एसएमएसचे पैसे. एका "रोजी" साठी.

कंपनीकडून एकगठ्ठा पाठवत असाल तर मजकूर आधी मंजूर करून ठेवावा लागतो, त्यात पोराला ऐनवेळी "परवा" घुसवता येत नाही. हा फायदाच म्हणायचा. हातानं एकेक पाठवणार असाल तर मंजुरीची गरज नाही.

कंग्राळी_बाळू

70 मोजून बघितलं. 70 च आहे. कमाल आहे राव.

खानापूरची_सई

एसएमएसमध्ये दोन वेळांचा पर्याय मावत नाही, म्हणून तिथं "फोन करा" ठीक. व्हॉट्सॲपवर मात्र "फोन करा" वर थांबू नका. दोन वेळा लिहा, 1 किंवा 2 एवढंच उत्तर मागा आणि उत्तर कधीपर्यंत हवं ते लिहा. उत्तराला मुदत नसली की गाडी अडकून राहते. बुधवारी सकाळची खेप भरायची तर मंगळवारी संध्याकाळी 6 पर्यंत उत्तर पाहिजे. ती मुदत ग्राहकाला दबाव टाकायला नाही, रात्री गाडी कशी भरायची हे ठरवायला आहे. कारण सांगितलं की लोक रागावत नाहीत.

मच्छे_गोडावन

सगळ्यांचं घेऊन लिहिलंय. बघा.

> नमस्कार. आज मंगळवार, 14 तारखेला सकाळी 11:10 ला तुमच्या खानापूरच्या साइटवर 90 पेटी टाइल्स घेऊन गाडी आली होती. गेट बंद होतं, माल उतरवून घ्यायला कोणी भेटलं नाही. मिस्त्रींना 11:15 ला आणि तुम्हाला 11:30 ला फोन केला. 11:50 ला गाडी परत निघाली. गेटचा फोटो सोबत आहे.
>
> माल सुखरूप आमच्या गोडावनला आहे. तुमच्या नावानं बाजूला ठेवलाय, बॅच तीच.
>
> उद्या बुधवार, 15 तारखेला दोन वेळा मोकळ्या आहेत:
> 1) सकाळी 8 ते 10
> 2) दुपारी 2 ते 4
>
> गाडी रात्री भरावी लागते, म्हणून आज संध्याकाळी 6 पर्यंत 1 किंवा 2 एवढंच कळवा. उतरवून घेणाऱ्याचं नाव, नंबर आणि हमाल ठरले का तेही सांगा. बुधवार जमत नसेल तर दुकानाच्या नंबरवर फोन करा.

टिळकवाडीकर

चांगलं. "क्षमस्व" नाही हे बरं केलं. गाडी वेळेत पोचली होती, क्षमा कशाची? उशीर झाला असता तर पहिलं वाक्य तेच हवं होतं.

उचगावची_वहिनी

मला उलट वाटतं. "तुमची गैरसोय झाली" एवढं एक वाक्य असतं तर बिघडलं नसतं. बायका वाचतात ना मेसेज, नवरा बाहेरगावी असला की. नुसत्या वेळांची यादी पोलिसांच्या पंचनाम्यासारखी वाटते.

टिळकवाडीकर

पंचनामाच आहे तो वहिनी. उद्या भांडण झालं तर तोच कामाला येतो.

उचगावची_वहिनी

म्हणूनच वर एक गोड वाक्य.

कडोलीचा_गवंडी

पावसाचं एक राहिलं. सकाळी 8 ते 10 दिलंय, खानापूरला जुलैत त्या वेळी हमालांना घरातून निघायलाच उशीर होतो. आधी 2 ते 4 लिहा, मग सकाळची. लोक पहिलाच पर्याय निवडतात.

हिशोबनीस

पण 2 ते 4 ला परत कोणी भेटलं नाही, तर संध्याकाळची एक फेरी त्याच बिलावर उरते, रात्री 12 पर्यंत. सकाळी चुकलं तर दुपार हातात असते. मी सकाळच पहिली ठेवीन.

गाडीवरचा_गडी

दोन्ही म्हणणी बरोबर. मिस्त्रीला विचारा, मी म्हणतो.

मच्छे_गोडावन

मिस्त्रीचा फोन लागला. वार पाळणूकच होती गावात. बुधवारी हमाल आहेत, दुपारचंच म्हणाला. मेसेज मालकाला गेलाय, दोन टिक आहेत, निळ्या अजून नाहीत.

कंग्राळी_बाळू

माझं पार्सल मात्र अजून आलेलं नाही.